चूक दिसते गळ्यावर, असते कडेला

थंडीचे जॅकेट किंवा कोट घेताना बहुतेक जण छाती पाहतात, बाहीची लांबी पाहतात आणि आरशासमोर एकदा वळून घेतात. त्रास पुढे, वापरताना सुरू होतो. शाल कॉलरचा कोट मागून पाहणाऱ्याला कॉलरखालून गळ्याची शिलाई डोकावताना दिसते. हूडचे जॅकेट गळ्यापाशी आवळते आणि घालणारा दर थोड्या वेळाने ते पुढून खाली ओढत राहतो. घरी शिवणाऱ्यांचीही हीच तक्रार असते आणि त्यावर सर्रास एकच उपाय होतो, तो म्हणजे गळा थोडा आणखी कापणे. त्याने गळा मोठा होतो, तक्रार मात्र तशीच राहते. कॉलर आणि हूड या दोन्हींत गळ्यावर दिसणारा दोष बहुधा दुसऱ्या टोकाला, म्हणजे मोकळ्या कडेला जन्मलेला असतो. ही कड कशी आखायची, शिवण्याआधी कशी मोजायची आणि अंगावर घालून कशी तपासायची, ते एका जॅकेटच्या मापांवरून पाहू.

जॅकेट छत्तीस इंच छातीच्या बाईचे आहे. पाठीचा गळा मध्यापासून खांद्यापर्यंत ३ इंच रुंद आणि पाऊण इंच खोल आहे. त्याची वक्ररेषा टेपने मोजली तर अर्ध्या बाजूला सव्वातीन इंच भरते. खांद्याच्या शिलाईचे गळ्याकडचे टोक पुढे वारंवार लागणार आहे, म्हणून त्याला ‘अ’ म्हणू.

कापड उभे का राहते, आडवे का पडते

आखणीआधी कागदाच्या दोन पट्ट्या कापून एक गोष्ट करून पाहावी. पहिली पट्टी सरळ, अडीच इंच रुंदीची. ती गळ्याभोवती लावली की मानेलगत उभी राहते. दुसरी पट्टी ब्लाऊजच्या गळ्यावर कागद ठेवून त्याच गोलाईने कापायची. ती गळ्याला लावली की खांद्यावर सपाट पडते. लहान मुलींच्या फ्रॉकला असते ती पीटर पॅन कॉलर अशीच असते.

दोन्ही पट्ट्यांची गळ्याकडची लांबी सारखीच आहे. फरक बाहेरच्या कडेत आहे. सरळ पट्टीच्या दोन्ही कडा सारख्या लांबीच्या, गोल पट्टीची बाहेरची कड आतल्या कडेपेक्षा बरीच लांब. गळ्यापासून खांद्याकडे जावे तसा घेर वाढत जातो. कडेला तेवढी लांबी मिळाली तर ती खाली उतरून खांद्यावर टेकते, नाही मिळाली तर वरच अडकते. शाल कॉलर या दोन टोकांच्या मधली आहे. तिला मागे एक इंच उभे राहायचे असते आणि मग दुमडून खाली पडायचे असते. हूड म्हणजे उभी पट्टी चौदा इंचांपर्यंत वाढवून डोक्यावरून मिटवलेली. दोन्हींना हाच एक नियम लागतो.

शाल कॉलरची आखणी

शाल कॉलरला कॉलर आणि लेपल यांच्यामध्ये खाच नसते. मानेमागून निघालेली एकच सलग कड छातीवरच्या बटणापर्यंत उतरते. डिनर जॅकेटवर किंवा घरात घालायच्या जाड गाऊनवर ती अनेकांनी पाहिलेली असेल. ती वेगळी कापून जोडत नाहीत, पुढच्या भागालाच वर वाढवून घेतात आणि दोन्ही बाजूंचे तुकडे मानेमागे मध्यावर जोडतात. त्यामुळे आखणी पुढच्या भागाच्या कागदावर होते.

आधी कॉलरची उंची ठरवायची. आपल्या जॅकेटात मागे मध्यावर उभा भाग, म्हणजे स्टॅण्ड, १ इंच ठेवू आणि दुमडून पडणारा भाग दीड इंच. पडणारा भाग स्टॅण्डपेक्षा अर्धा इंच जास्त ठेवण्याचे कारण, गळ्याची शिलाई त्याच्याखाली झाकली जावी. एकूण रुंदी अडीच इंच झाली.

पुढच्या भागावर मध्यरेषेच्या बाहेर बटणपट्टीसाठी १ इंच वाढवायचा. पहिले बटण जिथे येणार त्या पातळीला या वाढीव कडेवर खूण करायची. कॉलर इथून दुमडायला लागते. हिला ‘ब’ म्हणू. आता खांद्याची रेषा ‘अ’च्या पुढे मानेच्या दिशेने पाऊण इंच वाढवायची. स्टॅण्ड एक इंचाचा असला तरी तो मानेकडे थोडा कललेला असतो, म्हणून इथे पाऊण इंच पुरतो. या नव्या बिंदूपासून ‘ब’पर्यंत सरळ रेघ ओढली की मोडरेषा तयार होते. कॉलर हिच्यावरूनच उलटणार आहे.

आता ‘अ’पासून वर, मोडरेषेला समांतर, सव्वातीन इंचांची रेघ काढायची. ही पाठीच्या गळ्याला शिवली जाणारी कड. तिच्या वरच्या टोकाला गुण्या लावून मोडरेषेच्या बाजूने अडीच इंचांची काटकोनी रेघ काढली की ती मानेमागचा मध्य झाली. तिथून बाहेरची कड आधी थोडी सरळ नेऊन, मग छातीवर हवी तेवढी फुगवून, ‘ब’ला आणून मिळवायची. मानेमागच्या मध्याशी ही कड काटकोनातच निघायला हवी. नाहीतर दोन तुकडे जोडल्यावर मागे टोक येते किंवा खाच पडते.

कागदावर कॉलर देखणी दिसते. गळ्याची माया सोडून कापली, पाठीला जोडली, तर लांबीही नीट जुळेल. तरीही ती बसणार नाही.

कडेचा हिशेब

आपण काढलेली मानेमागची पट्टी सरळ आहे. ‘अ’च्या पातळीपासून मध्यापर्यंत तिची आतली कड सव्वातीन इंच आहे आणि बाहेरचीही तेवढीच. बाहेरच्या कडेला प्रत्यक्षात किती लांबी लागेल ते पाठीच्या कागदावर मोजता येते.

पाठीच्या मध्यावर गळ्याच्या रेषेखाली अर्धा इंच खूण करायची, कारण कॉलर शिलाई झाकून तेवढीच खाली येणार आहे. खांद्याच्या रेषेवर ‘अ’पासून सुमारे एक इंच बाहेर दुसरी खूण करायची, कारण खांद्यावर कॉलरची कड साधारण तिथे टेकणार आहे. दोन खुणा गळ्याच्या गोलाईसारख्या वक्राने जोडायच्या आणि टेप उभा धरून, वळणावर वळवत, ती रेषा मोजायची. आपल्या मापांत ती सुमारे सव्वाचार इंच भरते.

हवेत सव्वाचार, कागदावर आहेत सव्वातीन. एका बाजूला एक इंचाची तूट, दोन्ही बाजूंना मिळून दोन इंच. अशी कॉलर शिवली की ती खाली उतरू शकत नाही, वर सरकते आणि गळ्याची शिलाई उघडी पडते. गळा कितीही कापला तरी ही तूट भरून निघत नाही. उलट गळा कापल्याने कड आणखी बाहेरच्या, आणखी मोठ्या घेरावर पडते आणि तूट वाढते.

ही तूट पट्टी कलवून भरायची. ‘अ’वर टाचणी रोवायची आणि वरची पट्टी खांद्याच्या दिशेने झुकवायची. झुकवताना बाहेरच्या बाजूला पाचरीच्या आकाराची फट उघडते. तिचे तोंड बाहेरच्या कडेवर एक इंच झाले की थांबायचे. हिशेबानेही हे काढता येते. तुटीला पाठीच्या गळ्याच्या लांबीने गुणून कॉलरच्या रुंदीने भागायचे. एक गुणिले सव्वातीन, भागिले अडीच, म्हणजे सुमारे १.३ इंच. पट्टीचे वरचे टोक खांद्याकडे सव्वा इंचापेक्षा किंचित जास्त सरकले पाहिजे. मग नव्या जागेवर मध्याची काटकोनी रेघ पुन्हा काढायची आणि बाहेरची कड नव्याने आखायची. ‘अ’पाशी गळ्याच्या कडेत आलेला कोपरा तसाच ठेवायचा, कारण खांद्याची शिलाई तिथे येऊन मिळणार आहे.

शिवणकामाच्या पुस्तकांत हा कल अनेकदा एक ठरावीक आकडा म्हणून दिलेला असतो. एक-सव्वा इंच कल द्या, असे. मध्यम रुंदीच्या कॉलरला तो आकडा चालून जातो. पण कॉलर चार इंच रुंद केली तर तिची कड खांद्यावर बरीच बाहेर पडते आणि तूट एक इंचाची राहत नाही. स्टॅण्ड कमी करून कॉलर जवळजवळ सपाट हवी असेल तरीही तसेच. म्हणून आकडा पाठ करण्यापेक्षा पाठीच्या कागदावर कड मोजणे बरे. त्याला दोन मिनिटे लागतात आणि पुढची सगळी उसवाउसव वाचते.

मांजरपाटावर पाहणी

आखणी झाली की मांजरपाटाचा नमुना कापायचा. दोन्ही बाजू पूर्ण कापाव्यात. अर्धी कॉलर आपल्याच वजनाने एका बाजूला ओढली जाते आणि चुकीचे सांगते. जॅकेटला खांद्याचे पॅड लागणार असतील तर ते आताच घालावेत, कारण पॅडने खांद्याचा उतार बदलतो आणि उताराबरोबर कडेची जागाही.

कॉलर जोडण्याआधी नुसते धड घालून पाहावे. पुढच्या भागावर कॉलरचा वाढीव भाग असला तरी तो बाहेर मोकळा सोडता येतो. पाठीचा गळा मानेच्या मुळाशी नीट टेकतो का, खांद्याची शिलाई खांद्याच्या माथ्यावर आहे का, हे इथे ठरते. काहींची मान पुढे झुकलेली असते. त्यांच्या पाठीचा गळा मानेपासून सुटतो आणि मध्ये बोट जाईल एवढी पोकळी राहते. ती चूक धडाची आहे. पाठीची मध्याची लांबी वाढवून ती काढायची. कॉलर ओढून ती झाकता येत नाही, झाकायला गेले तर कॉलरच बिघडते.

धड बसले की कॉलर कच्च्या टाक्यांनी पाठीला जोडायची, मोडरेषेवर दुमडायची आणि पहिल्या बटणाच्या जागी टाचणी लावून पुढचे भाग बंद करायचे. मग आधी मागून पाहायचे. गळ्याची शिलाई दिसत असेल, कॉलरच्या कडेखाली पाठीवर आडव्या वळ्या पडत असतील, तर कड आखूड आहे. कड नागमोडी होत असेल, स्टॅण्ड खचून एक इंचाचा अर्धा इंच झाला असेल आणि मोडरेषा मानेपासून दूर जात असेल, तर कड लांब आहे. बाजूने पाहताना कॉलर खांद्यावर कुठेही न उचलता टेकलेली हवी.

कड किती आखूड आहे हे अंदाजाने ठरवायची गरज नाही. घातलेल्या नमुन्यावरच बाहेरच्या कडेपासून मोडरेषेपर्यंत कात्रीने छेद द्यायचे, एक मानेमागे मध्याच्या जवळ, एक खांद्यावर. कड आखूड असेल तर छेद आपोआप उघडतात आणि कॉलर तिथल्या तिथे खाली बसते. खांद्यावरचा छेद पाऊण सेंटिमीटर उघडला तर तेवढीच फट कागदावर त्याच जागी घालायची. कड लांब असेल तर तिथे चिमटीत धरून टाचणी लावायची आणि टाचणीत गेलेले माप कागदातून कमी करायचे.

पुढून पाहताना आणखी एक दोष सापडतो. छातीवर मोडरेषा अंगापासून सुटून तिचे तोंड उघडे पडते. इथे कारण वेगळे आहे. मोडरेषा कापडाच्या तिरक्या धाग्यावर येते आणि तिरका धागा हाताळताना ताणला जातो. मोडरेषेला आतून अर्धा सेंटिमीटर लागून पातळ सुती फीत लावतात. फीत मोडरेषेपेक्षा पाव ते तीन अष्टमांश इंच आखूड कापायची आणि तो फरक छातीच्या उंचवट्याच्या भागात मुरवायचा. छाती भरदार असेल तर थोडा जास्त.

‘अ’च्या जागी शिवणाऱ्याची खरी कसोटी लागते. तिथे पुढच्या भागात आतला कोपरा तयार होतो आणि खांद्याची शिलाई त्यात येऊन वळून गळ्याची शिलाई होते. कोपऱ्यावर आधी बारीक टाक्यांची टीप मारून मग मायेत त्या टिपेच्या एक धागा अलीकडेपर्यंत कात्री लावायची. कात्री कमी गेली तर खांद्याच्या टोकाला चुणी पडते. जास्त गेली तर भोक पडते. कॉलर बसत नाही असे वाटणाऱ्या अनेक कोटांत दोष आखणीचा नसून या कमी गेलेल्या कात्रीचा असतो. चुणी फक्त ‘अ’च्या भोवती असेल आणि कड नीट टेकलेली असेल, तर कागदाला हात न लावता आधी इथे पाहावे.

हूड: दोन मापे, तिसरा हिशेब

महाराष्ट्रात बाळाची कुंची आणि पावसातली घोंगडीची खोळ ही डोके झाकण्याची जुनी साधने. दोन्हींत कापड डोक्यावरून सुटून पाठीवर पडते, त्याचा भार डोके पेलते आणि मान हलली की सगळे बरोबर हलते. जॅकेटच्या हूडचे तसे नाही. तो गळ्याला शिवलेला असतो. डोके हलते, गळा जागेवर राहतो आणि दोहोंमधले अंतर हूडच्या कापडाला भरून काढावे लागते. आखणीत जागा ठेवली नसेल तर हूड ते अंतर जॅकेटचा गळा ओढून भरतो.

म्हणून मापे डोक्याची घ्यायची. पहिले, एका बाजूच्या ‘अ’पासून डोक्याच्या माथ्यावरून दुसऱ्या बाजूच्या ‘अ’पर्यंत. आपल्या उदाहरणात २६ इंच. अर्धे १३, त्यात १ इंच सैल धरून उंची १४. दुसरे, एका डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यापासून डोक्यामागून दुसऱ्या डोळ्याच्या कोपऱ्यापर्यंत. इथे १७ इंच. अर्धे साडेआठ, १ इंच सैल धरून रुंदी साडेनऊ. केस रोज जसे बांधले जातात तसेच बांधून माप घ्यावे. अंबाडा घालणाऱ्या बाईचे माप मोकळ्या केसांवर घेतले तर हूड अंबाड्यावर अडतो आणि कपाळावरून मागे जातो.

कागदावर १४ इंच उंच आणि साडेनऊ इंच रुंद चौकोन काढायचा. एक उभी बाजू चेहऱ्याकडची, दुसरी डोक्यामागची. डोक्यामागचा वरचा कोपरा दोन्ही बाजूंनी चार चार इंच आधीपासून गोल करायचा. खाली, डोक्यामागचे टोक अर्धा इंच वर घ्यायचे आणि चेहऱ्याकडचे अर्धा इंच खाली न्यायचे, कारण पुढचा गळा मागच्यापेक्षा खाली असतो. ही दोन टोके हलक्या वक्राने जोडली की हूडची गळ्याला लागणारी कड झाली.

आता गळा मोजू. पाठीचा अर्धा गळा सव्वातीन इंच. पुढचा गळा ३ इंच रुंद आणि ३ इंच खोल गोल असेल तर त्याची रेषा साधारण साडेचार. एकूण पावणेआठ. हूडची खालची कड आहे सुमारे साडेनऊ. पावणेदोन इंच जास्त. डोके मानेपेक्षा रुंद आहे, म्हणून हे जास्तीचे कापड असणारच. ते कुठे जिरवायचे, यावर हूड कसा बसतो ते ठरते.

पाऊण इंच मानेमागे काढायचा. डोक्यामागची शिलाई खाली मानेच्या खळग्याकडे आत वळवली की कापड मानेचा आकार घेते. उरलेला एक इंच डार्टमध्ये घालायचा आणि डार्ट बरोबर खांद्याच्या शिलाईसमोर, मागच्या मध्यापासून सव्वातीन इंचांवर, अडीच-तीन इंच उंच ठेवायचा. कानाखाली मान आत वळते, तिथे तो मावतो. सगळा फरक मानेमागेच काढला तर शिलाई इतकी आत वळते की डोक्यामागे फुगा येतो. डार्ट पुढे सरकवला तर गालाखाली झोळ दिसतो. वक्रामुळे खालची कड साडेनऊपेक्षा थोडी जास्त भरेल. तो फरक शेवटी टेप लावून डार्टमध्येच मिळवायचा. विणलेल्या होजिअरीच्या स्वेटशर्टात डार्ट नसतो, कारण ते कापड तेवढे मुरते. लोकरीच्या किंवा कॅनव्हाससारख्या कापडात ती सवलत नाही.

शेवटचा हिशेब हूडच्या मोकळ्या लांबीचा. मानेच्या मुळापासून माथ्यावरून कपाळापर्यंत टेप लावायचा, पण हनुवटी छातीला लावून. मान ताठ असताना हे अंतर कमी भरते, वाकल्यावर वाढते आणि हूडला वाकल्यावरच झगडावे लागते. आपल्या उदाहरणात वाकलेल्या मानेवर २० इंच आले. हूडच्या मागच्या शिलाईपासून माथ्यावरून चेहऱ्याच्या कडेपर्यंतची गोलाई मोजली तर साधारण २१ इंच भरते. एक इंच शिल्लक आहे, चालेल. इथे तूट आली तर गळा न वाढवता उंची वाढवायची.

दोन तुकड्यांच्या हूडला डोक्यामागे टोक येते. ते नको असेल तर मधे साडेतीन इंच रुंदीची तिसरी पट्टी घालतात. मग बाजूच्या प्रत्येक तुकड्याच्या गोल कडेतून पावणेदोन इंच कमी करायचे आणि पट्टीची लांबी त्या नव्या कडेएवढी ठेवायची. पट्टीचे खालचे टोक पाठीच्या गळ्याच्या मध्यावर येते, त्यामुळे गळ्याचा हिशेब पुन्हा जुळवावा लागतो. हे विसरले की हूड गळ्यापेक्षा मोठा निघतो.

हूडची परीक्षा

हूडचा नमुना उभे राहून आरशात पाहण्याने फार थोडे कळते. आधी दोन्ही खांद्यांच्या शिलाईवर, अंगातल्या कपड्याला लागून, खडूने खूण करावी. जॅकेट सरकले तर ती खूण सांगते.

हूड डोक्यावर घेऊन पुढून चेन किंवा बटण लावायचे आणि हनुवटी छातीला लावायची. गळा घशात चढला, खांद्याची शिलाई खुणेच्या मागे गेली, तर माथ्यावरची लांबी कमी आहे. मग मान ताठ करून डावीकडे आणि उजवीकडे पूर्ण वळवायची. हूडची कड डोळ्यावर येत असेल तर हूड डोक्याबरोबर वळत नाही. तो चेहऱ्यापाशी फार रुंद आहे किंवा हनुवटीखाली दोन कडा एकमेकींना मिळत नाहीत. पुढे दोन्ही कडा अर्धा-पाऊण इंच एकमेकींवर चढवल्या की हूडला हनुवटीखाली आधार मिळतो आणि तो बऱ्याच अंशी सरळ होतो.

वाऱ्यात किंवा चालताना हूड आपोआप मागे घसरत असेल, तर बहुधा चेहऱ्याची कड वरच्या बाजूला पुरेशी पुढे आलेली नसते. कागदावर ही कड वरच्या टोकाला अर्धा ते एक इंच पुढे झुकवावी. अनेक जण या जागी नाडी घालतात. मोठ्यांच्या कपड्यात ती चालते, लहान मुलांच्या कपड्यात ती अडकून गळफास बसण्याचा धोका असतो. ईएन १४६८२ या युरोपीय मानकात सात वर्षांखालच्या मुलांच्या कपड्यांना डोके आणि गळ्याच्या भागात नाड्या चालत नाहीत. मुलांसाठी शिवताना कडेत इलास्टिक शिवून टाकावे किंवा कड झुकवूनच काम भागवावे.

शेवटची परीक्षा हूड खाली टाकून. बहुतेक जॅकेटांचा हूड बराच वेळ पाठीवरच असतो आणि त्याचे सगळे वजन पाठीच्या गळ्यावर लटकते. अस्तर लावलेला लोकरी हूड जॅकेटला मागे ओढतो. खांद्याच्या शिलाया मागे सरकतात, पुढचा गळा घशाशी येतो आणि खाली पुढची कड वर उचलली जाते. इथे गळा ओढल्यासारखा दिसला तरी कारण लांबी नसून वजन आहे. वाकून केलेल्या परीक्षेत हूड उत्तीर्ण झाला असेल आणि खाली टाकल्यावरच ओढत असेल, तर उंची वाढवल्याने वजन वाढून दोष आणखी बळावेल.

उपाय दोन आहेत. अस्तर पातळ घ्यावे आणि पुढचा गळा मध्यावर अर्धा इंच खाली उतरवावा, म्हणजे ओढ आली तरी घसा मोकळा राहतो. पुढचा गळा उतरवला की त्याची रेषा लांबते, म्हणून हूडच्या डार्टमधून तेवढेच सोडायचे. तिसरी खबरदारी गळ्याच्या शिलाईची. पाठीच्या गळ्यावर एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत फीत शिवून टाकायची, पूर्ण गळ्याच्या मापाची, आपल्या उदाहरणात साडेसहा इंचांची. फीत नसेल तर हूडचे वजन काही धुण्यांत गळा सैल करते. आज बसलेले जॅकेट मग सहा महिन्यांनी सरकू लागते. होजिअरीत तर ही फीत हवीच.

मांजरपाटाची मर्यादा

मांजरपाट पातळ असतो. त्यावर जुळलेली कॉलर जाड लोकरीत थोडी आखूड पडते, कारण मोडरेषेवर कापडाची जाडीच काही लांबी खाते. म्हणून शाल कॉलरचा बाहेरून दिसणारा थर, जो पुढच्या फेसिंगबरोबर सलग कापला जातो, त्याची बाहेरची कड खालच्या थरापेक्षा एक अष्टमांश इंच मोठी ठेवतात. जाड कोटिंगमध्ये पाव इंचापर्यंत. हा फरक ठेवला नाही तर कड वर वळते आणि खालचा थर बाहेर दिसतो. नक्की किती ठेवायचा हे ठरवायला त्याच कापडाचे दोन उरलेले तुकडे एकावर एक ठेवून, कॉलरसारखे दुमडून, वरच्या तुकड्याची कड किती मागे सरकली ते टेपने मोजावे. जेवढी सरकली तेवढे वाढवावे. हूडला अस्तर असेल तर हिशेब उलटा होतो. अस्तर आतल्या, लहान घेरावर असते, म्हणून ते बाहेरच्या कापडापेक्षा चेहऱ्याच्या कडेला पाव इंच कमी ठेवावे, नाहीतर ते कडेबाहेर लोंबते.